दुकानासाठी घेतलेला लॅपटॉप: महसुली खर्च की भांडवली मालमत्ता?

मार्चअखेरीस छोट्या दुकानांची खाती तपासताना ‘किरकोळ खर्च’ किंवा ‘ऑफिस खर्च’ या खात्यात एक नोंद हमखास डोळ्यांत भरते. वर-खाली चहा, झेरॉक्स, कुरिअर यांच्या दोनशे-तीनशे रुपयांच्या रकमा असतात आणि मधेच पन्नास-साठ हजारांची एक रक्कम असते. बिल काढून पाहिले की ते लॅपटॉपचे निघते. दुकानदाराचा युक्तिवाद साधा असतो : पैसे दुकानासाठी गेले, म्हणजे तो दुकानाचा खर्च झाला. पैसे दुकानासाठी गेले हे खरे आहे, परंतु त्यावरून ती रक्कम एकाच वर्षाच्या नफ्यातून वजा करता येते असे मात्र ठरत नाही. हा निर्णय कसा घ्यावा आणि त्याचे धागे पुढे कुठवर जातात, हे एका दुकानाच्या उदाहरणावरून टप्प्याटप्प्याने पाहू.

उदाहरणासाठी गिरगावात ठाकूरद्वाराजवळ शिलाई साहित्याचे, म्हणजे बटणे, लेस, अस्तर, चेन यांचे दुकान चालवणाऱ्या एक ताई समजू. दुकान त्यांच्या एकटीच्या मालकीचे आहे, जीएसटीची नोंदणी नियमित स्वरूपाची आहे (कंपोझिशन योजना घेतलेली नाही) आणि हिशोबाची पुस्तके ठेवली जातात. २ ऑक्टोबर २०२५ रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, त्यांनी लॅमिंग्टन रोडवरून बिलिंग आणि स्टॉकसाठी लॅपटॉप घेतला. बिलात चार ओळी आहेत : लॅपटॉप ५०,००० रुपये, दुकानदाराने जागेवरच बसवून दिलेली जादा रॅम ३,००० रुपये, माउस आणि बॅग १,००० रुपये, आणि बिलिंग सॉफ्टवेअरची एक वर्षाची वर्गणी ६,००० रुपये. एकूण ६०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १०,८०० रुपये, म्हणजे सर्व मिळून ७०,८०० रुपये. ही तारीख २०२५-२६ या आर्थिक वर्षातली असल्यामुळे खाली दिलेली आयकराची कलमे १९६१ च्या कायद्याची आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

पहिली पायरी : वस्तू कशासाठी आणि किती काळासाठी

सर्वप्रथम विचारायचे ते असे की ही वस्तू विकण्यासाठी आणली आहे की वापरण्यासाठी. लॅमिंग्टन रोडवरच्या ज्या विक्रेत्याने ताईंना लॅपटॉप विकला, त्याच्या पुस्तकात तो विक्रीचा माल होता, म्हणून त्याची खरेदी थेट व्यापारी खात्यात गेली. त्याच विक्रेत्याने दहा लॅपटॉपपैकी एक काढून स्वतःच्या गल्ल्यावर बिलिंगसाठी कायमचा ठेवला, तर त्या एका लॅपटॉपपुरती नोंद मालातून काढून मालमत्तेत न्यावी लागते. वस्तू तीच असली तरी तिचे दुकानातले काम बदलले की तिचे खातेही बदलते.

वापरासाठी घेतली असेल तर दुसरा प्रश्न येतो : तिचा उपयोग बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ होणार आहे का? भारतीय सनदी लेखापाल संस्थेच्या सुधारित लेखा मानक १० मध्ये स्थावर-जंगम मालमत्ता ओळखण्याची जी व्याख्या आहे, तिच्यात हीच मर्यादा आहे. न्यायालयांनी यासाठी ‘टिकाऊ स्वरूपाचा लाभ’ ही कसोटी अनेक दशके वापरली. तीच एकमेव आणि निर्णायक कसोटी मानू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या एम्पायर ज्यूट प्रकरणात सांगितले हे खरे, परंतु तो वाद वस्तूचा नव्हता, तर जास्त तास माग चालवण्याचे हक्क विकत घेण्यासाठी दिलेल्या रकमेचा होता. हाताला लागणारी, तीन-चार वर्षे चालणारी, दुकानाच्या कामाचे साधन असलेली वस्तू भांडवली ठरण्यात फारशी शंका उरत नाही. आयकराच्या कलम ३७(१) नुसार भांडवली स्वरूपाचा खर्च नफ्यातून थेट वजा करता येत नाही. त्याऐवजी कलम ३२ नुसार दरवर्षी घसारा, म्हणजे किमतीचा ठरावीक टक्के हिस्सा, नफ्यातून वजा मिळतो.

येथे एक गैरसमज इतका रुजलेला आहे की त्यावर थोडे थांबणे भाग आहे. अनेक दुकानदार, आणि खरे सांगायचे तर काही जुने मुनीमही, असे मानतात की पाच हजारांखालची वस्तू खर्चात आणि वरची मालमत्तेत टाकावी. या समजुतीला एकेकाळी आधार होता. पाच हजार रुपयांपर्यंतच्या यंत्रसामग्रीवर त्याच वर्षी शंभर टक्के घसारा मिळण्याची तरतूद आयकर कायद्यात होती, पण ती १ एप्रिल १९९६ पासून काढून टाकण्यात आली. आज कायद्यात अशी कोणतीही रकमेची रेषा नाही. चारशे रुपयांचा सुटा माउस आपण खर्चात टाकतो तो व्यवहार म्हणून, कारण तेवढ्या रकमेसाठी वर्षानुवर्षे घसाऱ्याचा तक्ता सांभाळण्यात अर्थ नसतो. ही सवलत लॅपटॉपला लावता येत नाही, आणि ‘आमचे दुकानच छोटे’ हेही कारण चालत नाही.

दुसरी पायरी : बिलाची एकेक ओळ वेगळी करणे

बिल एक असले तरी निर्णय एक नसतो. ताईंच्या बिलातला लॅपटॉप मालमत्ता आहे. जादा रॅम पहिल्या दिवशीच आत बसवलेली असल्यामुळे ती लॅपटॉपच्या किमतीचाच भाग झाली, कारण वस्तू वापरण्यायोग्य स्थितीत आणण्यासाठी झालेला खर्च तिच्या किमतीत मिसळतो. माउस आणि बॅग सोबत घेतली असल्याने मी ती लॅपटॉपच्या किमतीतच धरतो. एखाद्याने हजार रुपये वेगळे काढून खर्चात टाकले तरी त्यावर कोणी वाद घालत बसणार नाही.

सॉफ्टवेअरची वर्गणी मात्र वेगळी आहे. वर्ष संपले की ते सॉफ्टवेअर चालणे बंद होते आणि पुन्हा पैसे भरावे लागतात. ताईंना त्यातून एका वर्षाचा वापर मिळाला, मालकी मिळाली नाही, म्हणून ती महसुली खर्चात जाते. वर्गणी २ ऑक्टोबरपासून सुरू होत असल्याने सुमारे निम्मी रक्कम, म्हणजे ३,००० रुपये, पुढच्या वर्षासाठीचा आगाऊ खर्च म्हणून ताळेबंदात दाखवणे काटेकोर हिशोबाला धरून होईल. याउलट एकदाच पैसे भरून कायमचा परवाना घेतला असता, तर तोही मालमत्ता झाला असता आणि संगणकाच्याच गटात गेला असता, कारण घसाऱ्याच्या तक्त्यात ‘संगणक, संगणक सॉफ्टवेअरसह’ असा एकच गट आहे.

म्हणजे मालमत्तेची रक्कम ५४,००० रुपये आणि महसुली खर्च ६,००० रुपये. टॅलीत लॅपटॉपचे खाते उघडताना `Indirect Expenses` ऐवजी `Fixed Assets` हा गट निवडायचा. बहुतेक चुका याच एका निवडीत होतात, आणि वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाहीत.

तिसरी पायरी : जीएसटी किमतीत की किमतीबाहेर

५४,००० रुपयांवरचा जीएसटी ९,७२० रुपये होतो. ताईंची नोंदणी नियमित असल्याने त्या हा कर इनपुट क्रेडिट म्हणून घेऊ शकतात, म्हणजे विक्रीवर भरायच्या जीएसटीतून तो वजा करू शकतात. भांडवली वस्तूवर क्रेडिट मिळत नाही, हा समज चुकीचा आहे. अट इतकीच की क्रेडिट घेतलेला कर लॅपटॉपच्या किमतीत मिळवून त्यावर पुन्हा घसारा घेता येत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम १६(३) प्रमाणे कराच्या रकमेवर घसारा घेतला, तर त्या कराचे क्रेडिट मिळत नाही. दोन्हींपैकी एकच निवडायचे असते, आणि क्रेडिट पूर्ण रकमेचे व लगेच मिळत असल्याने ते घेणेच सोयीचे. ताईंची कंपोझिशन योजना असती, तर क्रेडिटचा प्रश्नच आला नसता आणि मालमत्ता ६३,७२० रुपयांची धरावी लागली असती.

त्यासाठी बिलावर दुकानाचे नाव आणि जीएसटी क्रमांक असला पाहिजे. मुलाच्या नावावरच्या ऑनलाइन खात्यावरून मागवलेल्या लॅपटॉपच्या बिलावर मुलाचेच नाव छापून येते. तेथे क्रेडिट तर जातेच, पण तो दुकानाचा लॅपटॉप आहे हे सिद्ध करणेही अवघड होते.

आणखी एक बाब सहसा कोणी सांगत नाही. जीएसटी कायद्यात ‘भांडवली वस्तू’ची व्याख्याच अशी आहे की क्रेडिट घेणाऱ्याने जिची किंमत आपल्या पुस्तकात भांडवली म्हणून नोंदवली आहे ती वस्तू. म्हणजे आज आपण कोणत्या खात्यात नोंद करतो, त्यावर काही वर्षांनी लॅपटॉप विकताना किती कर भरायचा हे ठरते. तो हिशोब शेवटी येईल.

चौथी पायरी : पैसे कसे दिले

दुकानात उभे असताना एक संवाद बहुधा होतोच.

“ताई, रोख देताय का? दोन हजार कमी करतो.”

“बिल पक्कं मिळेल ना?”

“बिल देतो ना, त्याची काळजी नको.”

बिल पक्के मिळाले तरी रोखीचा हा सौदा महागात पडतो. कलम ४३(१) नुसार मालमत्तेसाठी एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजार रुपयांहून अधिक रक्कम रोखीने दिली, तर ती रक्कम मालमत्तेच्या किमतीत धरलीच जात नाही. ५४,००० रुपये रोख दिले तर घसाऱ्यासाठी लॅपटॉपची किंमत शून्य ठरते, आणि तीही एका वर्षापुरती नाही, तर कायमची. महसुली खर्च म्हणून दाखवूनही सुटका नाही, कारण तिथे कलम ४०ए(३) हीच दहा हजारांची मर्यादा लावते. यूपीआय, कार्ड, एनईएफटी किंवा अकाउंट पेयी चेक यांपैकी काहीही चालते.

लॅपटॉप हप्त्यांवर घेतला असेल तर मासिक हप्ता खर्चात टाकण्याची चूक फार होते. बिलाच्या तारखेला पूर्ण किमतीची मालमत्ता आणि तेवढेच कर्ज नोंदवायचे. प्रत्येक हप्त्यातला मुद्दलाचा भाग कर्ज कमी करतो आणि फक्त व्याज खर्चात जाते.

पाचवी पायरी : तो वापरात कधी आला

संगणकाच्या गटावर घसाऱ्याचा दर ४० टक्के आहे. २०१७-१८ या आर्थिक वर्षापूर्वी तो ६० टक्के होता आणि जुन्या तक्त्यांची नक्कल करणारे अजूनही कधी कधी तोच दर लावतात. त्या वर्षी घेतलेली मालमत्ता १८० दिवसांपेक्षा कमी काळ वापरली गेली असेल, तर दर निम्मा, म्हणजे २० टक्के होतो. दिवस मोजायचे ते लॅपटॉप वापरात आल्यापासून. बिलावरची तारीख त्यासाठी पुरत नाही.

२०२५-२६ मध्ये ३१ मार्चपासून मागे मोजत गेले तर १८० वा दिवस ३ ऑक्टोबरला येतो. दसरा २ ऑक्टोबरला होता. ताईंनी त्याच दिवशी पूजा करून लॅपटॉप सुरू केला आणि पहिले बिल काढले असेल, तर १८१ दिवस भरतात आणि पूर्ण दर मिळतो. परंतु खोके बंद ठेवून, दिवाळी पाडव्याला नवी वही उघडताना, म्हणजे २२ ऑक्टोबरला तो सुरू केला असेल, तर १६१ दिवसच होतात आणि दर निम्म्यावर येतो. मुहूर्त पाळण्याला माझा विरोध नाही, फक्त दसऱ्याला घेतलेली वस्तू दसऱ्यालाच सुरू करावी. त्या लॅपटॉपवर काढलेल्या पहिल्या बिलाची प्रत खरेदीच्या बिलाला टाचून ठेवली, तर वापराचा पुरावा कायमचा हाताशी राहतो.

सहावी पायरी : घसाऱ्याचा हिशोब

दसऱ्यालाच वापर सुरू झाला असे धरू. पहिल्या वर्षी ५४,००० वर ४० टक्के, म्हणजे २१,६०० रुपये घसारा आणि शिल्लक किंमत ३२,४००. दुसऱ्या वर्षी ३२,४०० वर ४० टक्के, म्हणजे १२,९६० रुपये आणि शिल्लक १९,४४०. पाडव्याला सुरू झाला असता तर पहिल्या वर्षी १०,८०० रुपयेच मिळाले असते आणि शिल्लक ४३,२०० राहिली असती. उरलेला घसारा बुडत नाही, पुढच्या वर्षांत सरकतो.

आता पूर्ण रक्कम खर्चात टाकण्याशी तुलना करू. त्या चुकीमुळे पहिल्या वर्षीचा नफा ३२,४०० रुपयांनी कमी दिसतो. तपासणी झाली तर ५४,००० रुपये नफ्यात परत मिळवले जातात, २१,६०० रुपयांचा घसारा दिला जातो आणि फरकावर कर व व्याज लागते. पण छोट्या दुकानांच्या बाबतीत माझा आक्षेप याहून साधा आहे. २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत नेहमीच्या दराने कर लागणारे एकूण उत्पन्न १२ लाख रुपयांपर्यंत असेल, तर कलम ८७ए च्या सवलतीमुळे कर शून्यावर येतो. ताईंचे उत्पन्न नऊ लाख असेल, तर संपूर्ण ५४,००० रुपये त्याच वर्षी उडवूनही करात एक रुपयाही वाचत नाही. उलट पुढील वर्षांत धंदा वाढून कर लागू झाला, तर तेव्हा उपयोगी पडला असता तो घसारा आधीच वाया गेलेला असतो. यावर काही जण विचारतात की मग यंदा घसारा घ्यायचाच नाही आणि पुढे घ्यायचा, असे करता येईल का. तसे करता येत नाही. मागितला नाही तरी घसारा दिला गेला असेच कायदा धरतो आणि शिल्लक किंमत तेवढी कमी करतो.

जे दुकानदार कलम ४४एडी खाली उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी नफा दाखवतात, त्यांच्या करपात्र उत्पन्नावर या निर्णयाचा परिणाम होत नाही, कारण खर्च आणि घसारा दोन्ही त्या टक्केवारीत आलेच असे मानले जाते. तरीही शिल्लक किंमत त्यांच्याही बाबतीत दरवर्षी कमी होत राहते, आणि जीएसटीची बाजू तर तशीच उरते.

लॅपटॉप संध्याकाळी घरी जाऊन मुलांच्या अभ्यासालाही वापरला जात असेल, तर कलम ३८(२) नुसार घसारा धंद्याच्या वापराइतकाच मिळतो आणि जीएसटीचे क्रेडिटही त्याच प्रमाणात घ्यावे लागते. हे प्रमाण प्रामाणिक अंदाजाने ठरवून कागदावर एका ओळीत लिहून ठेवावे.

सातवी पायरी : नंतरचे खर्च

एकदा मालमत्ता ठरली म्हणून तिच्यावरचा पुढचा प्रत्येक रुपया भांडवली होत नाही. बॅटरी फुगली म्हणून नवी घातली, स्क्रीन फुटली म्हणून बदलली, बिजागरी दुरुस्त केली, हे सर्व चालू दुरुस्तीत येते आणि त्या वर्षीच्या खर्चात जाते. २००७ मध्ये सरवण स्पिनिंग मिल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चालू दुरुस्तीची मर्यादा स्पष्ट केली : असलेली मालमत्ता जपण्यासाठी आणि चालती ठेवण्यासाठी केलेला खर्च तो दुरुस्तीचा, त्यातून नवी मालमत्ता किंवा नवा लाभ निर्माण होता कामा नये. बंद पडलेल्या डिस्कच्या जागी तशीच डिस्क घालणे हे या व्याख्येत सहज बसते. चांगली चाललेली डिस्क काढून चौपट क्षमतेची घातली, तर लॅपटॉपची कुवतच वाढते, म्हणून ती रक्कम मी मालमत्तेत मिळवेन. मेकॅनिकच्या बिलावर नुसते ‘लॅपटॉप काम’ असे लिहून आणू नये. काय बिघडले होते आणि काय बदलले हे त्याच्याकडून लिहून घ्यावे, कारण दोन वर्षांनी निर्णयाला आधार तेवढाच उरतो.

आठवी पायरी : विकताना

समजा ताईंनी २० सप्टेंबर २०२७ रोजी हा लॅपटॉप १५,००० रुपयांना विकला. वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक किंमत १९,४४० रुपये आहे. आयकरात घसारा एका वस्तूवर नव्हे, तर संपूर्ण गटावर मोजला जातो, म्हणून दुकानात त्याच गटातला प्रिंटर असेल किंवा त्याच वर्षी नवा लॅपटॉप घेतला असेल, तर गटाच्या रकमेतून १५,००० वजा करायचे आणि उरलेल्या रकमेवर घसारा घेत राहायचे. गटात दुसरे काहीच नसेल तर गट संपतो, त्या वर्षी घसारा मिळत नाही आणि ४,४४० रुपये अल्पकालीन भांडवली तोटा ठरतात. हा तोटा दुकानाच्या नफ्यातून वजा करता येत नाही, फक्त भांडवली नफ्यातून करता येतो, आणि तो दुकानदाराकडे क्वचितच असतो. नवा लॅपटॉप घ्यायचाच असेल तर तो जुना विकला त्याच आर्थिक वर्षात घेऊन वापरात आणावा.

जीएसटीचा हिशोब याहून बोचरा आहे. क्रेडिट घेतलेली भांडवली वस्तू विकताना दोन रकमांपैकी जी मोठी असेल ती भरायची असते : विक्रीच्या किमतीवरचा कर, किंवा मूळ क्रेडिटमधून बिलाच्या तारखेपासून प्रत्येक तिमाहीला, अपुऱ्या तिमाहीसह, पाच टक्के वजा करून उरलेली रक्कम. ऑक्टोबर २०२५ ते सप्टेंबर २०२७ या काळात आठवी तिमाही चालू असते, म्हणून ४० टक्के वजा होऊन ९,७२० पैकी ५,८३२ रुपये उरतात. १५,००० रुपयांवर १८ टक्के दराने कर २,७०० रुपयेच होतो. मोठी रक्कम ५,८३२ असल्याने तीच भरावी लागते, आणि ताईंच्या हातात १५,००० ऐवजी सुमारे ९,००० रुपयेच राहतात. गिऱ्हाइकाशी भाव ठरवण्याआधी हा आकडा काढला नाही, तर तो विवरणपत्र भरताना समोर येतो. तिमाहीगणिक ही रक्कम ४८६ रुपयांनी उतरत असते, त्यामुळे घाई नसेल तर विक्री २ ऑक्टोबरनंतर केल्यास तेवढे तरी वाचतात.